तक्त्यात चोवीस, नोंदवहीत अठरा

प्रश्न : मी पीएच.डी.च्या चौथ्या वर्षात आहे. आमच्या प्रयोगात दोन गट होते आणि प्रत्येकी २४ ऊती-नमुने मोजायचं ठरलं होतं. फ्रीझर बंद पडून दोन्ही गटांतले सहा-सहा नमुने वाया गेले. उरलेले १८-१८ मी स्वतः प्लेट रीडरवर मोजले. फरक दिसला, पण पी-व्हॅल्यू ०.११ आली. आता पेपरचा मसुदा हाती आलाय, त्यात दोन्ही गटांत २४ नमुने आहेत आणि पी ०.०२. एक्सेलमध्ये १२ नव्या ओळी आहेत. सर म्हणतात, फ्रीझर बिघडण्याआधीच पोस्टडॉकने ते नमुने मोजले होते. पण ओळ १९ मधले तीन आकडे (०.३६५, ०.३८४, ०.३५८) माझ्या ओळ ४ मधल्या आकड्यांपेक्षा (०.४१२, ०.४३१, ०.४०५) नेमके ०.०४७ ने कमी आहेत. या खोट्या ओळींबद्दल विचारलं तर सर म्हणाले, “शंका असेल तर नाव काढून घे, पोस्टडॉक पहिला लेखक होईल.” काम न पाहिलेल्या विभागप्रमुखांचं नाव मात्र यादीत आहे. सरांनी मला सगळं शिकवलं. गुपचूप नाव काढून घेणं हाच सभ्य मार्ग नाही का?

उत्तर : १२ ओळी कुठून आल्या हा एक प्रश्न, आणि लेखकांच्या यादीत कोण कुठे हा दुसरा. सरांनी एका वाक्यात दोन्हींची गाठ मारली आणि तुम्हीही ती तशीच स्वीकारली आहे. आधी ती सोडवा. पहिल्या लेखकाची जागा आणि ओळींबद्दलची शंका एकाच मेलमध्ये आली, तर पुढे चौकशी झाल्यावर पहिला प्रश्न तुम्हालाच येईल : जागा मिळाली असती तर गप्प बसला असता का? म्हणून डेटाची चौकशी आधी आणि स्वतंत्रपणे करा. त्या पत्रव्यवहारात लेखकांच्या नावांचा उल्लेखही नको.

आता ‘खोट्या’ या शब्दाकडे येऊ. तुम्हाला आज नक्की काय ठाऊक आहे? दोन ठिकाणची संख्या जुळत नाही आणि एक ओळ दुसऱ्या ओळीशी विचित्रपणे जुळते, एवढंच. तिथून ‘खोट्या’पर्यंतचं अंतर अजून कापायचं आहे, आणि ते कापताना घाईत पाय घसरतो.

तुम्हाला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट बहुधा पी-व्हॅल्यूतली घसरण असेल. पुरावा म्हणून ती फार कच्ची आहे. १८-१८ नमुन्यांवर पी ०.११ येते, याचा अर्थ दोन सरासऱ्यांमधला फरक प्रमाण विचलनाच्या साधारण ०.५५ पट आहे. फरक तेवढाच ठेवून नमुने २४-२४ केले तर पी ०.०६ च्या आसपास येईल. ०.०२ येण्यासाठी फरक ०.७ पट व्हायला हवा, म्हणजे नव्या सहा-सहा नमुन्यांत तो तुमच्या दुप्पट, सुमारे १.१५ पट असायला हवा. ऐकायला हे संशयास्पद वाटतं. पण गटात फक्त सहा नमुने असले की हा आकडा नुसत्या योगायोगानेही ०.६ च्या आसपास वर-खाली होतो. खरेखुरे १२ नमुने असा निकाल सहज देऊ शकतात. तेव्हा ‘निकाल एकदम सुधारला’ हा मुद्दा कुणापुढेही मांडू नका. तो पहिल्याच उलटतपासणीत पडेल आणि तुमचे पक्के मुद्देही सोबत नेईल.

ओळ १९ ची गोष्ट वेगळी आहे. एका नमुन्याच्या तीन वेल्समध्ये, म्हणजे प्लेटवरच्या तीन खळग्यांत, जो बारीक फरक पडतो, तो पिपेटिंग, बुडबुडे आणि यंत्राचा गोंगाट यांतून येतो. तो दर वेळी नव्याने पडतो. दोन वेगळ्या नमुन्यांच्या तिन्ही वेल्स तिसऱ्या दशांशापर्यंत एकाच अंतराने सरकलेल्या असतील, तर तो एकच गोंगाट दोनदा वापरला गेला असावा असं वाटतं. बेल लॅब्जमधले भौतिकशास्त्रज्ञ यान हेन्ड्रिक श्योन यांच्या प्रकरणात नेमकं हेच उघडं पडलं होतं. वेगवेगळ्या उपकरणांचे म्हणून छापलेल्या आलेखांतला गोंगाट तंतोतंत सारखा निघाला. २००२ साली चौकशी समितीने २४ आरोपांपैकी १६ मध्ये गैरवर्तन झाल्याचा निष्कर्ष काढला. मूळ फाइल्स पुसलेल्या होत्या आणि नीट ठेवलेली लॅब नोटबुकही नव्हती.

तरीही ०.०४७ या आकड्याला एक साधं, निष्पाप उत्तर असू शकतं : ब्लँक. प्लेटवरच्या रिकाम्या वेल्सचं सरासरी वाचन ०.०४७ असेल आणि कुणी तुमच्याच नमुन्याचे ब्लँक वजा केलेले आकडे नवी ओळ समजून चिकटवले असतील, तर ओळ १९ अगदी अशीच दिसेल. ती गंभीर चूक आहे, पण बनवाबनवी नाही. आणि २४ हा आकडा तर मूळ आराखड्यातलाच आहे. तक्ता भरणाऱ्याने तो तिथून उचलला असणं अगदी शक्य आहे.

या दोन शक्यता वेगळ्या करता येतात. ३६ नमुने, प्रत्येकी तीन वेल्स, म्हणजे १०८ वेल्स होतात. ९६ वेल्सच्या एका प्लेटवर ते मावत नाहीत, त्यामुळे तुमच्या किमान दोन प्लेट्स आणि तेवढीच ब्लँक वाचनं असणार. एक्सेलची प्रत घेऊन प्रत्येक ओळीत पहिल्या वेलचा आकडा दुसऱ्या आणि तिसऱ्या वेलमधून वजा करा. ओळ ४ साठी +०.०१९ आणि −०.००७ येतं, ओळ १९ साठीही तेच. ही जोडी म्हणजे त्या ओळीचा अंगठ्याचा ठसा. आता १२ नव्या ओळींचे ठसे तुमच्या ३६ ओळींत शोधा. जिथे जुळेल तिथे दोन ओळींमधलं अंतर लिहून ठेवा.

अंतरं दोनच प्रकारची निघाली, दोन्ही त्या-त्या प्लेटच्या ब्लँकएवढी आणि सगळी एकाच दिशेने, तर ब्लँकची चूक हेच बहुधा खरं कारण आहे. प्रत्येक ओळीचं अंतर वेगळं असेल तर ब्लँकने त्याची संगती लागत नाही. आणि एका गटातल्या ओळी वर, दुसऱ्यातल्या खाली, म्हणजे दोन गटांमधली दरी वाढेल अशा रीतीने सरकलेल्या असतील, तर निष्पाप कारण सापडणं फार कठीण होतं.

इथे एक सावधगिरी. १२ ओळी ३६ ओळींशी ताडून पाहताना तुम्ही ४३२ तुलना करता. वेल्समधले फरक सहसा काही सहस्रांशांच्याच पट्ट्यात असतात, त्यामुळे इतक्या तुलनांत एखादी जोडी योगायोगानेही जुळू शकते. एकट्या ओळ १९ वर निष्कर्ष उभा करू नका. तीन-चार ओळी जुळल्या तर मात्र योगायोगाची भाषा संपते.

हे सगळं अंदाजाचं काम झालं. खरा निकाल प्लेट रीडरच्या मूळ फाइलवर लागतो. १२ नमुने म्हणजे ३६ वेल्स आणि सोबत ब्लँक. ते खरंच मोजले असतील, तर तारीख, वेळ, तरंगलांबी आणि वेलची जागा दाखवणारी निर्यात-फाइल कुठेतरी असणार. नमुनेही हवेतून येत नाहीत. फ्रीझरच्या नोंदीत ते कधी बाहेर निघाले, पोस्टडॉकच्या नोटबुकात त्या दिवशी काय आहे, किटचे किती डबे उघडले गेले, यांपैकी दोन-तीन ठिकाणी तरी खूण राहतेच. फाइलची तारीख फ्रीझर बिघडण्याआधीची आणि लेबलं बिघडलेल्याच नमुन्यांची असतील, तर सरांचं म्हणणं खरं ठरतं आणि तुमची शंका मिटते. अशा वेळी मोजमाप कुणी आणि कधी केलं, दोन्ही तुकड्यांत अभिकर्मक तेच होते का, एवढं पद्धती-विभागात लिहायला हवं.

विचारण्याआधी स्वतःच्या नोंदी जपून ठेवा. मूळ फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. बदलाची तारीख बदलते, आकड्यांची मांडणीही बदलू शकते, आणि मग ‘तुम्हीच फेरफार केला’ म्हणायला जागा मिळते. फक्त वाचण्यापुरती प्रत करा आणि मूळ फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून संगणक काढतो तो लांबलचक सांकेतिक आकडा, आजच्या तारखेने नोटबुकात लिहा. विंडोजवर :

```
certutil -hashfile plate1.csv SHA256
```

लिनक्सवर :

```
sha256sum plate1.csv
```

फाइलमधला एक आकडा बदलला तरी हॅश पूर्ण बदलतो, त्यामुळे त्या दिवसानंतर फाइलला हात लागलेला नाही हे दाखवता येतं. मसुदा आणि ती एक्सेल फाइल ज्या मेलने आली, तो मेलही पुसू नका. मात्र डेटा संस्थेचा असतो. त्यात रुग्णांची माहिती असेल तर घरच्या ड्राइव्हवर नेऊ नका, आणि दुसऱ्याच्या नोटबुकाचे चोरून फोटो काढू नका. ते मागण्याचा अधिकार चौकशी समितीला असतो.

सरांना तोंडी विचारून झालं आहे, आता लेखी विचारा. मेल साधारण असा : “सर, तक्त्यात प्रत्येक गटात २४ नमुने आहेत, माझ्या नोंदवहीत १८ आहेत. उरलेल्या १२ नमुन्यांच्या प्लेट रीडर फाइल्स आणि मोजमापाच्या तारखा मिळाल्या तर पद्धती-विभाग पूर्ण करता येईल. ओळ १९ मधले तिन्ही आकडे ओळ ४ पेक्षा नेमके ०.०४७ ने कमी आहेत. ब्लँक वजा केलेली जुनीच ओळ पुन्हा आली आहे का, तेही पाहावं लागेल.” यात कुणावर आरोप नाही आणि विशेषणही नाही. प्रामाणिक माणसाला याचं उत्तर एका दिवसात देता येतं.

इतका संयम का, याचं कारण एका जुन्या प्रकरणात आहे. १९८६ साली ‘सेल’ या नियतकालिकात आलेल्या एका पेपरबद्दल त्याच प्रयोगशाळेतल्या पोस्टडॉक मार्गट ओ’टूल यांनी शंका घेतली. प्रयोगाच्या मूळ नोंदी छापलेल्या मजकुराशी जुळत नव्हत्या. वाद दहा वर्षं चालला. १९९४ मध्ये पेपरच्या सहलेखिका आणि त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख तेरेझा इमानिशी-कारी यांना अमेरिकेतल्या सरकारी कार्यालयाने दोषी ठरवलं आणि १९९६ मध्ये अपील मंडळाने सगळे आरोप फेटाळले, पेपरमध्ये चुका होत्या हे नोंदवून. ओ’टूल यांचा मूळ प्रश्न रास्तच होता. पण ‘नोंदी जुळत नाहीत’ आणि ‘आकडे बनवले’ ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं तुम्ही सिद्ध करू शकता. दुसऱ्यात हेतूही सिद्ध करावा लागतो, आणि ते समितीचं काम आहे.

उत्तरात फाइल आली तर वर सांगितल्याप्रमाणे तपासा. चूक कबूल झाली तर १८-१८ वर विश्लेषण पुन्हा करून मसुदा बदलायला सांगा, आणि बदललेली आवृत्ती स्वतः वाचा. ‘फाइल सापडत नाही’ किंवा ‘तो तुझा विषय नाही’ असं उत्तर आलं, किंवा आठवडाभर उत्तरच आलं नाही, तर संस्थेच्या संशोधन-सचोटी अधिकाऱ्याकडे किंवा ते पद नसेल तर पीएच.डी. समितीच्या अध्यक्षांकडे जा. विभागप्रमुखांकडे नको, कारण त्यांचं नाव याच पेपरवर आहे. सोबत एका पानाची टिपणी द्या : कोणत्या फाइल्स, कोणत्या ओळी, काय विचारलं, काय उत्तर मिळालं. निष्कर्ष लिहू नका.

आणि आधी सरांनाच विचारलं पाहिजे हा नियम सरसकट नाही. डेटा खुद्द मार्गदर्शकानेच तयार करून दिला असेल आणि विचारताक्षणी फाइल्स नाहीशा होण्याची भीती असेल, तर थेट वर जाणं योग्यच. २०११ मध्ये डच मानसशास्त्रज्ञ डिडेरिक स्टापेल यांच्याबद्दल तीन तरुण संशोधकांनी तेच केलं. त्यांनी खुणा गोळा केल्या आणि विभागप्रमुखांना गाठलं. स्टापेल यांनी पुरवलेल्या बनावट डेटावर अनेक विद्यार्थ्यांनी प्रबंध लिहिले होते. चौकशीत ते विद्यार्थी सहभागी नव्हते असंच आढळलं. तुमच्या प्रकरणात मसुदा कुणी भरला हेच अजून ठाऊक नाही, आणि तुम्ही आधीच शंका बोलून दाखवली आहे. म्हणून लेखी विचारणं बरं.

सरांचं तुमच्यावर ऋण आहे, हे मी खोडून काढणार नाही. त्या ऋणापोटी त्यांचा अप्रकाशित डेटा बाहेर न सांगणं, कँटीनमध्ये चर्चा न करणं, त्यांना खुलाशाची संधी देणं, तुमची स्वतःची नोटबुक दुसऱ्यालाही वाचता येईल अशी ठेवणं, हे सगळं तुम्ही देणं लागता. तुमची सही त्यात येत नाही. ओळ १९ ची चूक छापण्याआधी सापडणं सरांच्याही हिताचं आहे. छापल्यावर तीच गोष्ट पेपर मागे घेण्यापर्यंत जाते. श्योन यांच्या सहलेखकांना समितीने गैरवर्तनाच्या आरोपातून मुक्त केलं, पण त्यांची नावं असलेले पेपर मागे घ्यावे लागलेच.

आता लेखकांची यादी. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे निकष अनेक शाखांत प्रमाण धरले जातात. कल्पना, आराखडा, डेटा मिळवणं, विश्लेषण किंवा अर्थ लावणं यांत भरीव वाटा. लेखन किंवा मजकुराचं चिकित्सक परिष्करण. अंतिम आवृत्तीला मान्यता. आणि संपूर्ण कामाबद्दल उत्तर देण्याची तयारी. चारही हवेत. नुसता निधी मिळवणं किंवा विभागावर देखरेख ठेवणं पुरत नाही, त्यामुळे विभागप्रमुखांची जागा आभारात आहे. हा मुद्दा खरा आहे, पण आज लढू नका. १२ ओळींच्या मानाने तो लहान आहे.

तुमची ताकद तिसऱ्या निकषात आहे. सर्व लेखकांच्या मान्यतेशिवाय पेपर पाठवता येत नाही. तुम्ही दोन ओळी लिहा : “१२ नमुन्यांच्या मूळ फाइल्स पाहिल्याशिवाय या आवृत्तीला माझी मान्यता नाही. माझं नाव काढायलाही माझी संमती नाही, कारण ३६ नमुन्यांचं मोजमाप माझं आहे.” गुपचूप नाव काढून घेतलंत तर काय होईल ते पाहा. तुमचे ३६ नमुने पेपरमध्ये राहतील, त्यांच्यात मिसळलेल्या १२ ओळीही राहतील, आणि ते अलग करू शकणारा एकमेव माणूस यादीतून गेलेला असेल. पुढे प्रबंधात तुम्ही १८-१८ लिहाल आणि छापलेल्या पेपरमध्ये २४-२४ असेल. परीक्षक तुम्हालाच विचारतील. फाइल्स कधीच आल्या नाहीत तर मग नाव काढणं योग्य, पण कारण लेखी देऊन आणि सचोटी अधिकाऱ्याला कळवून.

पेपर तुम्हाला न विचारता पाठवला गेला, तर बहुतेक नियतकालिकं प्रत्येक सहलेखकाला खात्रीचा मेल पाठवतात. त्यातल्या दुव्यावर होकार देऊ नका. संपादकांना ‘या आवृत्तीला माझी मान्यता नाही, संस्थेला कळवलं आहे’ एवढंच लिहा. यादीतला तुमचा मेल-पत्ता बरोबर आहे का, तेही पाहा. लेखकपदाचा वाद सोडवण्याचं काम संपादक करत नाहीत. ते प्रकरण संस्थेकडे पाठवतात आणि तोवर पेपर थांबवतात. तुम्हाला आत्ता तेवढंच हवं आहे.

पहिल्या लेखकाची जागा मागायची ती डेटा मिटल्यावर. त्या वेळी कोणी कोणता प्रयोग केला, विश्लेषण कोणी केलं, पहिला मसुदा कोणी लिहिला, याची तारखांसह यादी करून समोर ठेवा. खरे १२ नमुने पोस्टडॉकनेच मोजले असल्याचं निघालं, तर त्याचाही वाटा खराच. मग संयुक्त प्रथम लेखकपद सुचवता येईल.

तुमच्या प्रबंधाचं प्रकरण मात्र कुणासाठी अडलेलं नाही. ते १८-१८ वर आजच लिहायला घ्या. नियोजित २४, फ्रीझरच्या बिघाडामुळे प्रत्येक गटातले सहा वगळले, बिघाडाची तारीख, मोजमापाआधी वगळले की नंतर, हे पद्धतीत नोंदवा. निकालात पी ०.११ सोबत फरकाचा विश्वास-अंतराल द्या. प्रमाण विचलनाच्या पटीत तो साधारण −०.१ ते १.२ एवढा येईल. म्हणजे फरक शून्यही असू शकतो आणि बराच मोठाही, आणि पुढच्या प्रयोगाला नमुने किती लागतील हे त्याच आकड्यांवरून काढता येतं.